कॉफी, पिंपल्स, काळी वर्तुळं आणि केसगळती: खरं किती, ऐकीव किती

"कॉफी पिऊ नकोस, तोंडावर पिंपल्स येतील," असं आई सांगते. मुलगी मोबाइलवर बघून तीच कॉफी साखर-लिंबात कालवते आणि पिंपल्स जावेत म्हणून तोंडाला चोळते. कॉफीमुळे डोळ्यांखाली काळं होतं असं एकीकडे ऐकू येतं, आणि डोळ्यांखालचं काळं घालवायला कॉफीचंच सीरम विकलं जातं. केसांची गोष्टही तीच. कॉफीने केस गळतात म्हणणारे आहेत आणि कॉफीच्या पाण्याने केस धुणारेही आहेत.

हे सगळे दावे साफ खोटे नाहीत. बहुतेकांच्या मुळाशी कुठलातरी खरा अभ्यास किंवा खरं निरीक्षण असतं, पण ते भलत्याच गोष्टीबद्दल असतं. अभ्यास शुद्ध कॅफिनचा असतो आणि आपण डोक्याला कॉफी पावडर लावतो. त्रास साखरेचा असतो आणि नाव कॉफीचं होतं. म्हणून आधी आपल्या कपात नक्की काय असतं ते पाहू.

मराठी घरातली रोजची कॉफी म्हणजे उकळलेलं दूध, चमचाभर इन्स्टंट पावडर आणि दीड-दोन चमचे साखर. पावडर साधारण दोन ग्रॅम असते. ती शुद्ध कॉफीची असेल तर त्यात अंदाजे ६० मिलिग्रॅम कॅफिन असतं. पण आपल्याकडच्या बऱ्याच पाकिटांत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी हे एक भाजलेलं मूळ आहे, त्यात कॅफिन नसतं. पाकिटावर ७० टक्के कॉफी आणि ३० टक्के चिकोरी असं लिहिलेलं असेल तर त्या चमच्यात ४० मिलिग्रॅमच्या आसपासच कॅफिन उरतं. उडप्याकडची कडक फिल्टर कॉफी किंवा कॅफेतला मोठा मग याच्या दुप्पट-तिप्पट भरू शकतो. युरोपातल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं असं म्हटलं. घरची दोन कप कॉफी त्यापासून बरीच लांब आहे. पुढचा बराचसा हिशोब या ४० मिलिग्रॅमवरच करायचा आहे.

पिंपल्स: कॉफी की कॉफीतलं बाकीचं?

पिंपल एका रात्रीत येतो असं वाटतं, पण तसं नसतं. त्वचेवरच्या प्रत्येक बारीक छिद्रात एक केस आणि एक तेलग्रंथी असते. ग्रंथी जास्त तेल सोडते, छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं, आत अडकलेल्या तेलावर तिथलेच जिवाणू वाढतात आणि मग सूज येते. डोळ्यांना न दिसणाऱ्या बुचापासून लाल, दुखऱ्या पिंपलपर्यंत पोचायला कित्येक आठवडे, कधी दोन महिनेही लागतात. त्यामुळे "काल कॉफी प्यायले आणि आज हा आला" हा हिशोब जुळत नाही. आज वर आलेल्या पिंपलची सुरुवात मागच्या महिन्यात कधीतरी झालेली असते. खाण्यापिण्याचा पिंपल्सशी संबंध लावताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

तेलग्रंथीला जास्त काम कोण करायला लावतं? मुख्यतः अँड्रोजेन नावाची संप्रेरकं. म्हणून वयात येताना, पाळीच्या आधी आणि पीसीओएसमध्ये पिंपल्स वाढतात. त्यांच्या जोडीला इन्सुलिन आणि इन्सुलिनसारखं काम करणारं वाढीचं एक संप्रेरक असतं. रक्तातली साखर भरकन वाढली की इन्सुलिन वाढतं, आणि त्याचा धक्का तेलग्रंथीपर्यंत पोचतो. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये याची नीट चाचणी झाली. पिंपल्स असलेल्या ४३ तरुणांपैकी एका गटाला बारा आठवडे साखर हळू वाढवणारं जेवण दिलं, दुसऱ्याला नेहमीचंच. पहिल्या गटात पिंपल्सची संख्या सरासरी २३-२४ ने कमी झाली, दुसऱ्यात १२ ने. दुसऱ्या गटातही बरीच घट झाली, हे विसरायचं नाही. पिंपल्स आपोआपही कमी-जास्त होत असतात, म्हणूनच तुलनेला दुसरा गट लागतो. पहिल्या गटातल्या मुलांचं वजनही उतरलं होतं, तेव्हा सगळं श्रेय एकट्या साखरेला देता येत नाही.

दुधाबद्दलचा पुरावा याहून थोडा कच्चा आहे. वेगवेगळ्या अभ्यासांतल्या ७८ हजारांहून अधिक मुलामुलींची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये जे विश्लेषण झालं, त्यात दूध पिणाऱ्यांत पिंपल्स असण्याची शक्यता काहीशी जास्त दिसली. पण हे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. दूध बंद करून पाहिलं आणि फरक पडला, असं त्यांतून सिद्ध होत नाही. या आकड्यांवर घरातल्या वाढत्या मुलांचं दूध तोडावं असं मला अजिबात वाटत नाही.

आणि कॉफी? नुसत्या काळ्या कॉफीने पिंपल्स येतात असं दाखवणारा भरवशाचा अभ्यास नाही. "कॅफिनमुळे कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, कॉर्टिसॉलमुळे पिंपल्स" ही साखळी मात्र सगळीकडे सांगितली जाते. तिचा पहिला दुवा खरा आहे, कॅफिनने कॉर्टिसॉल वाढतं. पण रोज कॉफी घेणाऱ्यांत काही दिवसांतच शरीर बरंचसं सरावतं आणि ही वाढ कमी होते. दुसरा दुवा, म्हणजे कपभर कॉफीपुरत्या त्या वाढीने पिंपल्स येणं, कुणी दाखवून दिलेला नाही.

आता कॉलेजच्या कट्ट्यावर मिळणारी एक ग्लास कोल्ड कॉफी घ्या. त्यात पाव लिटरच्या जवळपास दूध, तीन-चार चमचे साखर, वर आइस्क्रीमचा गोळा आणि ग्लासच्या आतून ओघळणारं चॉकलेट सॉस. कॉफी फक्त दोन ग्रॅम. ज्या दोन गोष्टींवर संशय घ्यायला थोडाफार आधार आहे, त्या दोन्ही या ग्लासात भरपूर आहेत. तरी तो पिऊन पिंपल्स आले की आपण म्हणतो, कॉफी मला सोसत नाही.

स्वतःवर पडताळा घ्यायचा असेल तर कॉफी चालू ठेवून आधी तिच्यातली साखर काढा. बाकी काही बदलू नका, नवीन क्रीमही नको. बारा आठवडे तसंच चालू ठेवा, कारण आधीच तयार होत असलेली बुचं बाहेर पडायला तेवढा वेळ जातो. दर दोन आठवड्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढा. पाळीच्या आधी पिंपल्स वाढत असतील तर फोटोही पाळीच्या हिशोबाने त्याच दिवसांत काढा, नाहीतर पाळीमुळे झालेला बदल साखरेच्या नावावर लागेल. मग हवं असल्यास दुधाची पाळी. साखर, दूध आणि कॉफी तिन्ही एकदम सोडलं तर चेहरा सुधारूनही कशामुळे सुधारला ते कधीच कळणार नाही. पिंपल्स जबड्याच्या कडेने आणि हनुवटीवर येत असतील आणि पाळीही अनियमित असेल, तर मात्र हे प्रयोग करत न बसता डॉक्टरांना दाखवावं.

तोंडाला कॉफी चोळण्याबद्दल मला थोडं कडकच बोलायचं आहे. फिल्टर कॉफीच्या चोथ्याचे कण पाण्यात विरघळत नाहीत, आणि इन्स्टंट पावडरीत मिसळलेली साखरही चेहऱ्यावर विरघळेपर्यंत खरखरीतच असते. सुजलेल्या पिंपलवर ती घासली की सूज आणखी आत जाते, पिंपल फुटतो, आणि आपल्यासारख्या गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर त्या जागी काळा डाग उरतो. पिंपल आठवड्याभरात जातो, डाग कित्येक महिने राहतो. वरून लिंबाचा रस म्हणजे आम्ल. तो लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळी पडू शकते, आणि त्याला कारण लिंबातलीच काही द्रव्यं असतात. घासल्यावर चेहरा तासभर तुकतुकीत दिसतो, कारण वरचा मृत थर निघालेला असतो आणि चोळल्याने रक्त धावलेलं असतं. पिंपलचं बूच छिद्राच्या आत असतं, तिथे हे कण पोचत नाहीत. तिथे काम करणारी औषधं वेगळी आहेत: बेंझॉइल पेरॉक्साइड, अडापलीन. ती डॉक्टरांना विचारून, कमी प्रमाणापासून सुरू करायची. त्यांनाही दोन-तीन महिने द्यावे लागतात, आणि गरोदरपणात अडापलीन वापरायचं नसतं.

डोळ्यांखालचं काळं: आधी ते कुठलं आहे ते बघा

काळी वर्तुळं हा एकच आजार आहे असं धरून उपाय विकले जातात. प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या गोष्टी आरशात सारख्याच दिसतात, आणि बऱ्याच जणांत त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. खिडकीसमोर उभं राहून हे घरीच बऱ्यापैकी ओळखता येतं. खालच्या पापणीखालची त्वचा बोटाने हलकेच खाली ताणा. काळसर-तपकिरी रंग तसाच राहिला आणि त्वचेबरोबर सरकला, तर तो रंगद्रव्याचा आहे. ताणल्यावर जांभळट-निळसर छटा उलट जास्त दिसायला लागली, तर पातळ त्वचेतून खालच्या रक्तवाहिन्या दिसताहेत. आणि मान वर करून चेहरा छताच्या दिव्याकडे केल्यावर काळं जवळजवळ नाहीसं झालं, तर ती सावली आहे. डोळ्याखाली खळगा असतो किंवा वर फुगीर पिशवी असते, तिची सावली पडते.

भारतीयांत रंगद्रव्याचा प्रकार फार दिसतो. तो अनेकदा घराण्यातूनच येतो. आईच्या, मावशीच्या डोळ्यांभोवती तसाच रंग असतो. काहींत तो डोळे चोळण्याने वाढतो. सर्दी-खाज-शिंकांची ॲलर्जी असलेला माणूस दिवसभर डोळे चोळतो आणि दर वेळी त्या नाजूक त्वचेला थोडी इजा होते. काजळ किंवा चष्म्याची कड सोसत नसेल तरी असंच होतं. या रंगाचा कॉफी पिण्याशी काही संबंध नाही, आणि कॉफी लावल्याने तो निघत नाही.

मग हा दावा आला कुठून? दोन वाटांनी. एक वाट झोपेची, आणि ती खरी आहे. स्वीडनमध्ये २०१३ च्या एका अभ्यासात दहा जणांचे फोटो पुरेशा झोपेनंतर आणि ३१ तास जागं राहिल्यानंतर काढले. ते कधी काढलेत हे माहीत नसलेल्या लोकांना जागरणानंतरच्या फोटोंत डोळ्यांखाली जास्त काळं आणि पापण्या जास्त सुजलेल्या दिसल्या. कॅफिन झोप कशी खातं हेही माहीत आहे. शरीरातलं निम्मं कॅफिन संपायला सरासरी पाच तास लागतात, काहींना दोन, काहींना नऊ. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हा वेळ जवळपास दुप्पट होतो, हे फार कमी जणींना सांगितलं जातं. २०१३ च्या एका अमेरिकी प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तरी रात्रीची झोप तासाहून जास्त कमी झाली. हा डोस मोठा होता, घरच्या दहा कपांएवढा. पण परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी सातला कडक मग, नऊला दुसरा आणि मग दोन वाजेपर्यंत टक्क जागं, अशा माणसाच्या डोळ्यांखाली सकाळी जे दिसतं त्यात कॉफीचा वाटा नक्की आहे. दुपारी दोननंतरची कॉफी पंधरा दिवस बंद करून पाहायला काही खर्च येत नाही. फरक पडला तर काळेपणात रक्तवाहिन्या आणि सूज यांचा भाग होता असं समजायचं. रंगद्रव्याच्या किंवा खळग्याच्या वर्तुळावर झोपेने फारसा परिणाम होत नाही, आणि तो झाला नाही म्हणून निराश व्हायचं कारण नाही.

कॉफीने शरीर कोरडं पडतं आणि डोळे खोल जातात, हे मात्र सोडून द्या. इंग्लंडमध्ये रोज कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांना तीन दिवस दिवसाला चार कप कॉफी आणि मग तेवढंच पाणी देऊन मोजमाप केलं. शरीरातल्या पाण्यात फरक आढळला नाही.

दुसरी वाट आय-सीरमची. कॅफिन रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसवतं, म्हणून सीरमने जांभळट छटा आणि सूज कमी होईल अशी कल्पना. थायलंडमध्ये ३४ जणांवर कॅफिनच्या जेलची चाचणी झाली. एका डोळ्याखाली कॅफिनचं जेल आणि दुसऱ्याखाली तेच जेल कॅफिनशिवाय. सुजेवर दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच निघाला, साधारण चौघांपैकी एकालाच कॅफिनचा वेगळा फायदा दिसला. संशोधकांचा निष्कर्ष असा की सूज मुख्यतः जेलच्या गारव्याने उतरते. म्हणजे सकाळी डोळे सुजले असतील तर फ्रिजमधला स्टीलचा चमचा रुमालात धरून दोन मिनिटं ठेवला तरी बरंचसं काम होतं. सीरम वापरायचं असेल तर वापरा, त्याने नुकसान नाही. पण परिणाम झालाच तर काही तासांचा असतो, महिन्याभरात वर्तुळं जातात असं नाही. कॉफी पावडरीचा लेप मात्र डोळ्याखाली लावू नका. त्या भागातली त्वचा शरीरातली सगळ्यात पातळ आहे, कण डोळ्यात जातात, आणि लेप पुसताना होणारी घासाघीस रंग वाढवते.

केस: प्रयोगशाळेतून बाटलीत, बाटलीतून स्वयंपाकघरात

केसांचा दावा तिघांत सगळ्यात भक्कम पायावर उभा आहे, म्हणून तो सविस्तर पाहण्याजोगा आहे.

सुरुवात जर्मनीत झाली. २००७ मध्ये तिथल्या संशोधकांनी टक्कल पडू लागलेल्या १४ पुरुषांच्या डोक्यावरून त्वचेचे बारीक तुकडे घेऊन त्यांतली केसांची मुळं काचेच्या भांड्यात वाढवली. त्यात टेस्टोस्टेरॉन घातलं तेव्हा केसांची वाढ मंदावली. पुरुषांच्या टकलात जे होतं, त्याचीच ही छोटी नक्कल. मग कॅफिन घातलं, अगदी थोडं, ०.००१ आणि ०.००५ टक्के. वाढ परत सुधारली. प्रयोग चांगला होता. पण मुळं माणसाच्या डोक्यात नव्हती, आणि कॅफिन त्यांच्याभोवतीच्या द्रवात सतत होतं.

यावरून कॅफिनचे शॅम्पू बाजारात आले. शॅम्पूतलं कॅफिन दोन मिनिटांत केसांच्या छिद्रांत शिरतं हेही दाखवलं गेलं. पण छिद्रात शिरणं आणि त्याने डोक्यावरचे केस टिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने अल्पेसिन या जर्मन शॅम्पूच्या जाहिरातीची चौकशी केली. कंपनीने आपले अभ्यास पुढे ठेवले. मार्च २०१८ मध्ये संस्थेने निर्णय दिला की "केसगळती कमी करायला मदत करतं" हा दावा या पुराव्यावर टिकत नाही, आणि तो करायला मनाई केली.

मग एक अभ्यास भारतात झाला. त्याचं नेतृत्व मुंबईतल्या सायन हॉस्पिटलच्या, म्हणजे लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागाकडे होतं आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅफिनच्या बाजूने बोलणारे आज बहुतेक याच्याच जोरावर बोलतात. टक्कल पडू लागलेल्या २१० पुरुषांपैकी निम्म्यांना ०.२ टक्के कॅफिनचं लोशन आणि निम्म्यांना टकलावर नेहमी वापरलं जाणारं, डोक्याला लावायचं औषध मिनॉक्सिडिल ५ टक्के दिलं. सहा महिन्यांनी केस उपटून त्यांच्या मुळांतून पाहिलं की किती टक्के केस वाढीच्या अवस्थेत आहेत. मिनॉक्सिडिलच्या गटात सुधारणा ११.६८ टक्के, कॅफिनच्या गटात १०.५९ टक्के. दोन्ही जवळपास सारखे.

ऐकायला हे फार छान वाटतं, पण अभ्यासाची रचना बघायला हवी. कुणाला काय दिलंय हे सगळ्यांना माहीत होतं. काहीच औषध नसलेलं नुसतं लोशन लावणारा तिसरा गट नव्हता, त्यामुळे दोन्ही सारखी चालली की मोजमापात दोन्हींकडे सारखाच फुगवटा आला, हे सांगता येत नाही. डोक्यावर केस किती वाढले याची सरळ मोजणी हा मुख्य निकष नव्हता. आणि पैसा कॅफिनचं उत्पादन बनवणाऱ्या कंपनीचा होता. एवढ्याने अभ्यास खोटा ठरत नाही. मी यातून एवढंच घेते की डोक्यावर राहू देण्याच्या कॅफिन लोशनचा पुरुषी टकलात थोडा उपयोग असू शकतो, पण मिनॉक्सिडिल सोडून त्याच्यावर भिस्त ठेवावी इतका पुरावा नाही.

आता स्वयंपाकघरात येऊ. दीडशे मिलिलिटर पाण्यात चमचाभर ७०-३० पावडर घातली, तर ४० मिलिग्रॅम कॅफिन होतं, म्हणजे मिलिलिटरमागे पाव मिलिग्रॅमहून थोडं जास्त. सायनच्या अभ्यासातल्या लोशनमध्ये मिलिलिटरमागे दोन मिलिग्रॅम होतं, सातपट. ते लोशन डोक्यावरच राहायचं. कॉफीचं पाणी केसांवरून ओघळतं, वीस मिनिटांनी धुऊन टाकलं जातं, आणि बरंचसं टाळूपर्यंत न पोचता केसांच्या लांबीवरच जातं. गाळून उरलेला चोथा वापरला तर आणखी वाईट, कारण कॅफिन आपण आधीच पिऊन टाकलेलं असतं. मग कॉफी पिऊन मुळांपर्यंत पोचेल का? कपभर कॉफीनंतर रक्तात मिलिलिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅम कॅफिन दिसतं आणि काही तासांत उतरतं. जर्मन प्रयोगात मुळांभोवती कमीत कमी दहा मायक्रोग्रॅम होतं, आणि तेही सतत. कॉफीचा रंग केसांवर थोडा बसतो, पांढरे केस एक-दोन धुण्यांपुरते तपकिरी दिसतात, आणि गडद झालेले केस दाट वाटतात. एवढा परिणाम खरा आहे.

तरीही "मला कॉफीच्या पाण्याने फरक पडला" असं मनापासून सांगणाऱ्या बायका भेटतात, आणि त्या खोटं बोलत नसतात. समजा, एखादीला सप्टेंबरात डेंग्यू झाला. मोठा ताप, बाळंतपण, टायफॉइड, ऑपरेशन किंवा उपासमारीचं डाएट यांनंतर बरेच केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. तिचे केस डिसेंबरात मूठमूठ जायला लागतात. तेव्हा ती डेंग्यू विसरलेली असते. घाबरून जानेवारीत कॉफीचं पाणी सुरू करते. ही गळती आपली आपण तीन ते सहा महिन्यांत थांबते, तशी मार्च-एप्रिलमध्ये थांबते. श्रेय कॉफीला जातं. जानेवारीत तिने कांद्याचा रस किंवा मेथीचं पाणी लावलं असतं तर त्यांना गेलं असतं. म्हणून गळती सुरू झाली की आधी कॅलेंडर घेऊन तीन महिने मागे काय झालं ते आठवायचं. दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणं नेहमीचं आहे. भांग रुंद होत जाणं हा वेगळा प्रकार, तो आपोआप थांबत नाही. नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडली तर तो आणखी वेगळा आजार. या दोन्हींत घरगुती उपायांवर महिने घालवणं महागात पडतं, कारण उपचार लवकर सुरू झाले तर जास्त चांगले चालतात.

कॉफी पिण्याने केस गळतात का? थेट नाही. पण एक आडवाट आहे, आणि आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत ती मला या सगळ्या विषयात सर्वात महत्त्वाची वाटते. ती लोहाची. शरीरातला लोहाचा साठा आटला की केस गळू शकतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. कॉफीतली काही द्रव्यं जेवणातल्या लोहाला आतड्यातच बांधून ठेवतात. १९८३ च्या एका प्रयोगात जेवणाबरोबर कपभर कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं. चहाने तर ६४ टक्क्यांनी, तेव्हा चहावाल्यांनी निवांत होऊ नये. जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीचा काही परिणाम झाला नाही. जेवणानंतर तासाभराने घेतली तर मात्र जेवणाबरोबर घेतल्याइतकाच झाला.

लोह भरपूर असलेल्या माणसाला याने फरक पडत नाही. पण पाळीत जास्त रक्त जाणारी, डाळ-भाजी-भाकरीवर राहणारी आणि नाश्त्याबरोबर व जेवण झाल्या झाल्या कप तोंडाला लावणारी स्त्री रोज थोडं थोडं लोह गमावत असते. केस गळत असतील, जिने चढताना धाप लागत असेल, तर नुसतं हिमोग्लोबिन बघू नका, फेरिटिनही तपासून घ्या. फेरिटिन म्हणजे साठ्याचं माप. हिमोग्लोबिन ठीक असतानाही साठा रिकामा असू शकतो. थायरॉइडही त्याच रक्तात बघून होतो. कॉफी सोडायची गरज नाही, वेळ बदलायची. सकाळी उठल्यावर कॉफी, तासाभराने पोहे, आणि पोह्यांवर लिंबू पिळायचं, कारण लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. दुपारच्या जेवणानंतरची कॉफी दोन तास पुढे ढकलायची. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली असेल तर ती पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, कॉफी-चहा-दुधाबरोबर नाही. गोळी सुरू केल्यावर फेरिटिन वर यायला काही महिने लागतात, आणि केस त्याच्याही मागून येतात. म्हणून पहिल्या महिन्यात कंगव्यात फरक दिसला नाही तरी गोळी बंद करायची नाही, तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायची.